सकाळी सातला लिहिलेले आठ तास

कारखान्यात माझं पद काय, असं कुणी विचारलं की मला जरा राग येतो. कागदोपत्री मी 'ईडीपी इन्चार्ज' आहे. ईडीपी म्हणजे काय, हे आता आमच्या शेठनाही आठवत नाही. सतरा वर्षांपूर्वी मी सीमेपलीकडच्या गुजराती मुलखातल्या मसाटच्या या धाग्याच्या कारखान्यात लागले तेव्हाच तो शब्द जुना झाला होता. शेडमध्ये सगळे मला कॉम्प्युटरबेन म्हणतात. प्रिंटरमध्ये कागद अडकला की कॉम्प्युटरबेन, हजेरीच्या मशीनला कुणाचा अंगठा ओळखू येईना की कॉम्प्युटरबेन, शेठच्या नातीला शाळेत सूर्यमाला न्यायची असली तरी कॉम्प्युटरबेनच. स्टॉक, उत्पादन, हजेरी, सुट्ट्या हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालतं ते मी एकटीने लिहिलंय, ही गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात नाही. चालू असलेल्या गोष्टीकडे कोण बघतं?

गंमत अशी की कारखान्यातल्या सगळ्या पदांची यादी माझ्याच ताब्यात आहे. ती ठेवणारं टेबल मीच बनवलंय. एका ओळीची कमांड दिली असती, तर दुसऱ्या दिवशी मी डेटा सायंटिस्ट झाले असते आणि गळ्यातलं ओळखपत्रही तसं छापून आलं असतं. दोनदा ती ओळ टाइप केलीसुद्धा. पण माझे वडील शाळामास्तर. कोकणातून इथल्या सरकारी शाळेत आले आणि इथेच निवृत्त झाले. मी त्यांच्याच वर्गात होते आणि सहावीत त्यांनी मला गणितात अर्ध्या मार्काने नापास केलं होतं. त्या घरात वाढलेलं माणूस स्वतःच स्वतःला पद देत नाही. मी दोन्ही वेळा ओळ पुसून टाकली.

बेचाळिसाव्या वर्षी मी डेटा सायन्सचे कोर्स सुरू केले. ऑनलाइन, जेवणाच्या सुट्टीत, आमच्या सर्व्हर रूममध्ये. ती खोली कारखान्यातली सगळ्यात थंड, म्हणून शेठची मिठाई, आंब्याच्या पेट्या आणि जनरल मॅनेजरसाहेबांच्या मधुमेहाची इंजेक्शनंही तिथेच ठेवतात. मी स्वेटर घालून, काजूकतलीच्या खोक्यांवर लॅपटॉप ठेवून संख्याशास्त्र शिकत होते. अकरावीतली माझी मुलगी घरी माझा गृहपाठ तपासायची. "आई, संभाव्यता एकपेक्षा जास्त येऊच शकत नाही," असं तिने एकदा मला इतक्या शांतपणे सांगितलं की मला माझ्या वडिलांची आठवण झाली. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

मग मुंबईच्या मुख्य कचेरीतून एक मेल आली. तिथे डेटाची एक लहानशी टीम तयार होत होती. कुठल्याही प्लांटमधल्या माणसाने आपल्या कामातला एक प्रोजेक्ट करून दाखवावा. ज्याचा पसंत पडेल त्याला आपल्या जागी बसूनच त्या टीमबरोबर काम करता येईल. खाली लिहिलं होतं: पदात बदल होणार नाही, पगारात बदल होणार नाही. अकाउंट्समधले सगळे हसले. म्हणाले, यापेक्षा सिंहाच्या पिंजऱ्यात हात घातलेला बरा. मी हसले नाही. मला ते काम हवं होतं. किती हवं होतं हे सांगायची लाज वाटते, म्हणून त्या वेळी कुणाला सांगितलं नाही.

आमच्या शेडमध्ये बारा लांबलचक मशीनं आहेत. गुळगुळीत पॉलिएस्टरचा धागा त्यात तापतो, त्याला पीळ बसतो आणि तो फुलून बाहेर येतो. मशीन चालता चालता मधेच बंद पडलं की शेकडो धागे एकदम तुटतात आणि पुन्हा ओवून घेण्यात अख्खी पाळी जाते. मी ठरवलं, पुढच्या पाळीत कुठलं मशीन बंद पडणार हे आधीच सांगणारं मॉडेल करायचं. माहिती भरपूर होती. पाळीचा सुपरवायझर दर तासाला प्रत्येक मशीनच्या हीटरचं तापमान आणि हवेचा दाब वहीत लिहितो, ती वही पाळी संपली की कॉम्प्युटरमध्ये चढते. चढवायचा स्क्रीन मीच केलेला. दोन वर्षांच्या वह्या माझ्याकडे आयत्या तयार होत्या.

पहिलं मॉडेल फार छान निघालं. जवळजवळ कधीच चुकेना. मी आनंदाने साहेबांना सांगायला निघाले आणि दारात थांबले, कारण ते मॉडेल रोज प्रत्येक मशीनबद्दल एकच गोष्ट सांगत होतं: काही होणार नाही. मशीन रोज थोडीच बंद पडतात? त्यामुळे 'काही होणार नाही' म्हणणारा बहुतेक वेळा बरोबरच असतो. आमचे साहेब याच पद्धतीवर तीस वर्षं नोकरी करतायत. कोर्समध्ये हे शिकवलं होतं, की क्वचित घडणाऱ्या गोष्टीत एकूण किती बरोबर आलं ते बघू नका, जे खरंच घडलं त्यातलं किती पकडलं आणि उगाच किती आरडाओरडा केला ते बघा. शिकवलं होतं आणि तरीही मी त्या खड्ड्यात पडले.

दुसरं मॉडेल मात्र खरं निघालं. पुष्कळसे निर्णयवृक्ष, म्हणजे 'हो की नाही' अशा प्रश्नांची झाडं, लावून त्यांचं बहुमत घेणारं, साधंच. पहिल्या दीड वर्षाच्या वह्यांवर ते शिकवलं आणि शेवटच्या सहा महिन्यांवर, म्हणजे त्याने न पाहिलेल्या दिवसांवर, तपासलं. बंद पडलेल्या मशीनांपैकी बहुतेक त्याने आदल्या पाळीतच पकडली होती, आणि उगाच आरडाओरडा अगदी थोडा. मी सर्व्हर रूममध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या आणि काजूकतलीचं एक खोकं फोडलं.

मॉडेल कशावरून ठरवतं तेही बघितलं. सगळ्यात जास्त वजन एकाच गोष्टीला होतं: पाळीतली आठ रीडिंगं एकमेकांपासून किती हलतात. जिथे आकडे स्थिर, तिथे मशीन ठणठणीत. जिथे आकडे वरखाली, तिथे पुढच्या पाळीत गडबड. पटण्यासारखंच होतं. आजारी मशीनचं तापमान वरखाली होणारच. मी स्लाइड केल्या, मुंबईला पाठवल्या, त्यांना आवडल्या. प्रत्यक्ष बघायला महिनाभराने येतो, असं त्यांनी कळवलं. शेवटच्या स्लाइडवर मी शहाणपणा करून लिहिलं होतं की रीडिंग वहीऐवजी थेट टॅबलेटवर, वेळेच्या शिक्क्यासह घेतलं तर मॉडेल आणखी सुधारेल. ही ओळ मी कशाला लिहिली, याचा विचार करून आजही कपाळावर हात मारून घेते.

दोन आठवड्यांनी मी आलेख नीटनेटके करत बसले होते. त्यात एक बुधवार दिसला. तो बुधवार मला चांगला आठवत होता. वीजवाल्यांनी दुरुस्तीसाठी सकाळपासून दुपारपर्यंत लाइन बंद ठेवली होती आणि आमच्या जनरेटरवर फक्त साहेबांचा एसी चालतो. अख्खी शेड थंड पडली होती, मी फाइलीने वारा घेत होते. त्या दिवशी सकाळच्या पाळीत बाराही मशीनांचं तापमान तासातासाला लिहिलेलं होतं. दोनशे, दोनशे एक, एकशे नव्याण्णव, दोनशे. सुरेख, स्थिर.

मी ते आकडे चारदा वाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शेडमध्ये गेले. सतरा वर्षांत मी तिथे प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन सोडून कशासाठी गेले नव्हते. सकाळच्या पाळीचे सुपरवायझर धुळ्याकडचे, शेडमध्ये सगळे त्यांना आबा म्हणतात. बाकीच्या दोन पाळ्यांचे सुपरवायझर त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. आबांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. ते स्टुलावर बसले होते, एका हाताशी चहा, मांडीवर वही. आठ वाजताच्या रकान्यात लिहून झालं होतं. नऊच्याही. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि आबा सुवाच्य अक्षरात दुपारी दोनचं तापमान लिहीत होते.

"आबा, हे काय?"

"या ताई, या. बठा ना. वही भरी ऱ्हायनू."

"अहो, पण दोन अजून वाजायचेत!"

"वाजतील ना," आबा म्हणाले. "कुठं जातात?"

मी डोकं शांत ठेवायचा प्रयत्न केला. तो मला फारसा जमत नाही. माझा आवाज चढला तसे ते मात्र मला लहान मुलीला समजवावं तसं समजावू लागले. "असं पाहा ताई. बारा मशीन. एकेका मशीनचे सहा आकडे. दर तासाला हे सगळं लिहायचं म्हटलं ना, तर तास संपेतो लिहिनंच चालतं. मग मशीनकडे कोन पाहील? ऑडिटवाल्याले वही भरेल लागते. मी सकायलेच भरी टाकतो. मग दिवसभर मोकया. मशीनकडेच लक्ष."

"म्हणजे मशीनकडे लक्ष द्यायला वेळ मिळावा म्हणून तुम्ही मशीनची खोटी रीडिंगं लिहिता?"

"खोटी कशी? चांगल्या मशीनचं दोनशेच असतं ना. ज्याले ताप नही त्याले थर्मामीटर काय लावायचा?"

"आणि ज्याला ताप आहे त्याला?"

तेव्हा आबांनी वही माझ्याकडे वळवली. अकरा मशीनांचे रकाने दुपारपर्यंत भरलेले होते. चार नंबरचे कोरे होते. "हिचं काही खरं नही," ते म्हणाले. "हिचं आज मी तासातासाले जाऊन खरं लिहीन." खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी त्याचं टोक चार नंबरच्या बेअरिंगच्या खोक्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "बोली ऱ्हायनी." म्हणजे मशीन बोलतंय.

मला सगळं एकदम कळलं आणि मी तिथल्याच धाग्याच्या एका क्रेटवर बसले. माणूस मनाने आकडे लिहितो तेव्हा ते फार हलवत नाही. खरे आकडे हलतात, चांगल्या मशीनचेही हलतात. आणि खरे आकडे आबा फक्त शंका आलेल्या मशीनचेच लिहायचे. म्हणजे माझ्या मॉडेलने मशीनं शिकलीच नव्हती. ते आबांना शिकलं होतं. आबांना शंका आली, की माझे निर्णयवृक्ष बहुमताने म्हणणार, आम्हालाही तेच वाटतं.

"पण शंका आली तर तुम्ही साहेबांना सांगत का नाही?" मी विचारलं.

"सांगतो ना. मशीन थांबवायले त्यांची सही लागते. ते विचारतात, रीडिंग काय आहे? मी म्हनतो, रीडिंग बरं आहे, आवाज बरा नही. ते म्हनतात, फॉर्मवर आवाजाचा रकाना नही." आबांनी खांदे उडवले. "मग ती पडली की थांबतेच."

मी परत सर्व्हर रूममध्ये आले. चार नंबर संध्याकाळी बंद पडलं. मॉडेलने ते आधीच सांगितलं होतं.

पुढचे पंधरा दिवस मी कुणालाही काही बोलले नाही. हे मला लिहून ठेवायला हवं, कारण मी स्वतःला फार सरळ समजत आले. मनाला सांगितलं की खरं सांगितलं तर आबा जातील. शेजारच्या एका कारखान्यात खोट्या नोंदींवरून एका सुपरवायझरला त्याच दिवशी गेटबाहेर काढलं होतं. ते खरंच होतं. पण त्याच्या आड दुसरं एक होतं, की खरं सांगितलं तर माझा प्रोजेक्टही जाईल. आबांची काळजी मला दिवसातून दोनदा वाटायची, प्रोजेक्टची बारा वेळा. आणि तिसरी एक पळवाट होती: मॉडेल चालतंय ना? आबांची शंका वहीतून कॉम्प्युटरमध्ये, तिथून माझ्या मॉडेलमध्ये आणि तिथून लाल दिवा होऊन साहेबांपर्यंत जात असेल, आणि साहेब लाल दिव्यावर सही करणार असतील, तर बिघडलं काय?

बिघडलं ते साहेबांच्या उत्साहामुळे. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी शेडमध्ये टॅबलेट आले. माझ्याच शेवटच्या स्लाइडवरून मागवलेले. रीडिंग त्या तासातच टाकता येणार, आधी नाही, नंतर नाही. "बेन, सरप्राइज!" साहेब म्हणाले. त्यांनी पाहुण्यांसाठी दिवसाचा कार्यक्रमही छापून घेतला होता. अकरा वाजता एआय, एक वाजता जेवण, तीन वाजता जवळच्या वासोण्याच्या सफारीतले सिंह.

तोंड उघडायची ती शेवटची संधी होती. मी कार्यक्रमाच्या कागदावरची स्पेलिंगची चूक दाखवली आणि गप्प बसले.

पाहुण्यांमध्ये मुंबईच्या टीमची प्रमुख होती, तिशीतली एक मुलगी, पायात साधे बूट, हातात वही. तिच्याबरोबर दोघे जण. शेठ स्वतः आले होते. शेडच्या कोपऱ्यात मोठा पडदा लावला होता, त्यावर बारा चौकोन. आदल्या दिवशी दुपारपासून तिन्ही पाळ्यांनी टॅबलेट घेऊन तासातासाला बाराही मशीनांपाशी धावपळ केली होती. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या शेडमध्ये सगळी रीडिंगं खरी होती. आबांचा चेहरा उतरला होता, पाय सुजले होते.

मी बटण दाबलं. एक नंबर लाल. दोन लाल. बाराही लाल.

"आ शुं?" साहेब पुटपुटले. "बेन, आ बधां लाल केम?"

शेठ उभे राहिले. बाराही मशीनं पुढच्या पाळीत बंद पडणार, असं पडद्यावर लिहिलेलं होतं. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा झटपट निर्णय घेतला. "सगळी थांबवा! आत्ता!" फॉर्म नव्हता, तर त्यांनी सही जेवणाच्या मेनूवर केली.

"सगळी नका थांबवू, साहेब," कुणी मशीनला हात लावायच्या आत आबा मागून म्हणाले. "सात नंबर थांबवा फक्त. बाकी अकरा मस्त आहेत."

मुंबईची मुलगी पडद्याजवळ गेली, आकडे बघितले, माझ्याकडे वळली. शांतपणे तिने एकच विचारलं, "ताई, टॅबलेट यायच्या आधी ही रीडिंगं कशी घेतली जायची?"

प्रश्न अगदी योग्य होता. तो मीच आधी विचारला असता तर बरं झालं असतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नवीन टॅबलेट आहेत, बहुतेक काही तरी तांत्रिक..."

मी ते वाक्य पुरं केलं नाही. करू शकले असते असं मला वाटतं आणि तेच मला आजही टोचतं.

"मी लिहायचो," आबा पुढे आले. "सकायी सातले. चहा पितापिता. आठही तासांची. ताईले काही बोलू नका, त्यांचं मशीन बराबर आहे. माझं चुकलं."

मला इतकी लाज वाटली की पुढचं बोलायला हिंमत लागली नाही, लाजेनेच ते बोलून टाकलं. सांगितलं, की हे मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे. माझं मॉडेल मशीनचा नाही, आबांचा अंदाज घेत होतं. आबा मनाने लिहायचे ते आकडे स्थिर, शंका आली की लिहायचे ते खरे आणि हलणारे. आज सगळेच खरे आहेत म्हणून सगळे लाल. मी शेडमध्ये न येता शेडचं मॉडेल केलं, आणि कळल्यावरही गप्प बसले.

शेठ आबांकडे वळले. "रोज लिखता था? बारा मशीन का?"

"हाव शेठ."

"ऑडिट को भी यही दिखाया?"

"हाव. ऑडिटवाले साहेब अक्षराची तारीफ करी गेले."

त्यावर शेठनी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर जणू छापून येत होतं. आबांना काढायचं तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं तर वह्या खोट्या असं लेखी होईल. वह्या खोट्या असं लेखी झालं तर गुणवत्तेच्या ऑडिटचं प्रमाणपत्र जाईल, आणि प्रमाणपत्र गेलं तर परदेशी गिऱ्हाईक जाईल. शेवटी शेठ हळूच म्हणाले, "मीटिंग तो अभी चालू हुई ही नहीं ना?"

"नथी थई, शेठ," साहेब लगेच म्हणाले.

अशा रीतीने ती मीटिंग झालीच नाही. तिच्या अहवालात फक्त चहापान आहे. आबांनी जे कबूल केलं ते कुणी ऐकलं नाही, मी जे बोलले तेही नाही. ज्या कागदांनी आबांना खोटं लिहायला लावलं, त्याच कागदांनी त्यांना वाचवलं. माझा प्रोजेक्टही अर्थात त्याच कागदांखाली गेला, कारण त्याचा खरा निष्कर्ष लिहिणं म्हणजे वह्यांबद्दल लिहिणं. सात नंबर मात्र मेनूवरच्या सहीने थांबवलं. बेअरिंग उघडलं तेव्हा आतलं ग्रीस जळून काळं झालं होतं. मुंबईच्या मुलीने ते बोटाला लावून बघितलं आणि आबांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" आबांनी तिच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. ती जेवायला आली नाही. सिंहही तिने बघितले नाहीत. बाकीच्यांनी बघितले, झोपलेले.

निघताना ती मला म्हणाली, "टीमचं काही सांगू शकत नाही. यादीत प्रोजेक्टच नाही तुमचा. पण आबांची शंका हा तुमच्याकडचा सगळ्यात चांगला आकडा आहे. तो सरळ लिहून का घेत नाही?"

मग मी नव्याने सुरुवात केली. ऑडिटवाल्यांच्या भाषेत तिला 'फॉर्मची सुधारित आवृत्ती' म्हणतात, म्हणून कुणी अडवलं नाही. टॅबलेटवर एक रकाना वाढवला: शंका. मशीनपुढे खूण करायची, बस. सहाऐवजी दोनच आकडे, आणि तेही पाळीत तीनदा, म्हणजे सुपरवायझरला खोटं लिहायची गरज उरू नये. शंका घ्यायचा अधिकार कुणाला, हे साहेबांना स्पष्ट हवं होतं, म्हणून शेडमधल्या पदांची यादी जोडली. सकाळी मी तासभर शेडमध्ये बसू लागले. त्या खऱ्या आकड्यांवर केलेलं मॉडेल पहिल्याच्या निम्मंही चांगलं नाही. कोर्सच्या शेवटच्या प्रोजेक्टला मी तेच दिलं, पहिल्याची सगळी फजिती नावगाव न देता लिहून. माझ्या मुलीने ते वाचलं आणि म्हणाली, "निदान हे खरं तरी आहे." तिच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

आबा निवृत्त झाले, गावी गेले. नवा सुपरवायझर हुशार आहे, पण शंकेच्या रकान्यात कधीच खूण करत नाही. त्याला वाटतं, खूण केली आणि मशीन ठीक निघालं तर आपली शोभा होईल.

गेल्या महिन्यात एका सकाळी नऊ नंबरपाशी मला काही तरी वेगळं वाटलं. सांगता येण्यासारखं काही नाही. मॉडेल हिरवं होतं, सुपरवायझर म्हणाला बरोबर चाललंय. मी आबांना फोन लावला आणि फोन मशीनला टेकवून धरला.

"फोनात काय समजतं ताई," आबा ओरडले. "नुसतं ट्रक चालल्यासारखं येतंय! स्क्रू ड्रायव्हर घ्या. आधी चांगली मशीन ऐका, मग ही."

मी आठ नंबर ऐकलं. मग नऊ. मूठ कानाला लावून डोळे मिटले. आठमध्ये एकसारखी गुणगुण होती. नऊमध्ये त्या गुणगुणीच्या खाली, ठरावीक वेळाने, काही तरी बारीक किरकिरत होतं, दळणात खडा आल्यासारखं. मी पुन्हा आठ ऐकलं, पुन्हा नऊ. ते होतंच.

"काय ऐकायले आलं?" आबांनी विचारलं. मी सांगितलं.

"मग मले कशाले विचारता?" ते म्हणाले. "खूण करा."

मी टॅबलेटवर नऊ नंबरपुढे खूण केली. स्क्रीनने ती घेतली नाही. मीच लिहिलेलं वाक्य माझ्यासमोर आलं: आपल्या पदाला शंका घेण्याचा अधिकार नाही.

मी सर्व्हर रूममध्ये गेले, स्वेटर घातला, पदांचं टेबल उघडलं आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी एक ओळ लिहून एंटर दाबलं. पद तेच ठेवलं. शंका घेणाऱ्यांच्या यादीत फक्त 'ईडीपी इन्चार्ज' जोडलं. मग शेडमध्ये परत येऊन खूण केली, आणि साहेबांची सही घ्यायला गेले.